विश्लेषण : रुग्णाचे नाव झाकले, पण तारखेचे काय?

रुग्णालयाच्या संगणकप्रणालीत बदल झाला, की तो आधी चाचणीच्या सर्व्हरवर तपासला जातो. त्यासाठी नोंदी लागतात. सर्वात सोपा मार्ग म्हणजे खऱ्या नोंदींची प्रत काढून, नाव आणि मोबाइल क्रमांक बदलून ती सॉफ्टवेअर कंपनीच्या हाती देणे. हा मार्ग बंद व्हायला हवा, कारण ओळख केवळ नावात नसते.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारनोंदी नावे वगळून संशोधकांना देण्यात आल्या. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी २० डॉलरला मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक जुळवून त्यांनी खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली.

मग तारखाही बदलाव्यात. पण कशा? प्रत्येक तारीख स्वतंत्रपणे बदलली, तर डिस्चार्ज भरतीच्या आधी येतो. प्रणाली नोंद नाकारते, आणि दोष सॉफ्टवेअरचा की डेटाचा, हे तपासणाऱ्याला कळत नाही. म्हणून एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवतात आणि प्रत्येक रुग्णासाठी हा आकडा वेगळा ठेवतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिला ३ मार्च २०२५ ला दाखल झाली, ५ मार्चला प्रसूती, ८ मार्चला घरी. तारखा ११९ दिवस मागे नेल्या, की ४, ६ आणि ९ नोव्हेंबर २०२४ मिळतात. अंतर तेच राहते. ११९ ला ७ ने भाग जात असल्याने वारही तोच राहतो, म्हणजे बंद ओपीडीच्या रविवारी कुणी तपासणीला येत नाही. खरी गोम बाळात आहे. प्रणालीत बाळ हा वेगळा रुग्ण. त्याला वेगळा आकडा मिळाला, तर बाळ आईच्या भरतीआधीच जन्मते आणि सहा आठवड्यांच्या लसीची आठवण आईच्या मोबाइलवर भलत्याच दिवशी जाते. आई-बाळाला एकच आकडा हवा. आकड्यांची यादी मात्र रुग्णालयाबाहेर जाता कामा नये.

एवढे करूनही डॉक्टरांचा शेरा उरतो. ‘रुग्णाची बहीण अमुक शाळेत शिक्षिका’ असे वाक्य त्यात सहज असते. मूळ यादीतील नावे झाकलेल्या प्रतीत शोधून पाहता येतात, पण ‘आशा’ शोधले की आशा सेविकाही सापडतात आणि चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले नाव निसटते. त्यापेक्षा शेऱ्यांचा रकाना रिकामा करून त्यात रचलेले शेरे भरणे बरे. काम वाढते, हे खरे. निविदेत ते आधीच लिहावे, आणि प्रत रुग्णालयातच झाकून मग बाहेर द्यावी.