कालचे न आठवणारा लेखनिक

लखनौहून अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चिनहट हे चकाकी चढविलेल्या मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील काही दुकानदार ग्राहकांना पाठवावयाची पत्रे हल्ली मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहवून घेतात. त्यांच्यापुढे पंधरा मिनिटे बोलण्याचा योग नुकताच आला. वेळ थोडा असल्याने मी एकच गोष्ट सांगावयाचे ठरविले : या साधनाला तुमचा कालचा ग्राहक ठाऊक नसतो.

त्यास कारणही घडले होते. एका दुकानदाराने सोमवारी ६० मगांच्या मागणीचे पत्र लिहवून घेतले. दर १२० रुपये, एकूण ७,२०० रुपये, पैकी २,००० आगाऊ मिळालेले. म्हणजे बाकी ५,२००. गुरुवारी त्याने नवे संभाषण उघडले आणि त्या ग्राहकास बाकीचे स्मरणपत्र लिहावयास सांगितले. पत्र अदबशीर होते. बाकी मात्र ४,५०० रुपये! यंत्राची वजाबाकी चुकली, असे त्याला वाटले. वस्तुतः वजाबाकी झालीच नव्हती. समोर आकडाच नसल्याने, अशा पत्रात शोभेल असा एक आकडा साधनाने बसवून दिला होता.

साधन प्रत्येक उत्तर त्या संभाषणात समोर असलेला मजकूर वाचून रचते. नवे संभाषण म्हणजे कोरा कागद. सोमवारचे संभाषण पडद्यावरील यादीत दिसते, आणि येथेच फसगत होते. आपल्याला दिसते ते त्यालाही दिसत असेल, असे आपण धरून चालतो. तेच जुने संभाषण उघडून विचारले असते, तर आकडे समोर आले असते. मात्र संभाषण फार लांबले, तर त्याचा आरंभीचा भागही नजरेआड होऊ शकतो. काही साधनांत स्मृतीची सोय असते. पण तिला संपूर्ण खातेवही समजू नये.

म्हणून मी त्यांना दुकानाची माहिती, मालाचे दर आणि पत्राची भाषा एका टिपणात लिहून ठेवण्यास सांगितले. दर वेळी ते आरंभी चिकटवावे व त्याखाली त्या ग्राहकाची मागणी, आगाऊ रक्कम व बाकी वहीतून उतरवावी. पत्र आल्यावर प्रत्येक आकडा पुन्हा वहीशी ताडून पाहावा. वहीत नसलेली रक्कम वा तारीख पत्रात आढळली, तर ती रचलेली समजावी.

याला विसराळू मुनीम म्हणणेही मला पटत नाही. मुनीम विसरला तर “आठवत नाही, मालक” असे म्हणतो. हे साधन तसे म्हणेलच याची खात्री नाही.

शेवटी एका वृद्ध व्यापाऱ्याने विचारले, “याला आठवतच नाही, तर ग्राहकाचा खातेक्रमांक लिहिला म्हणून काय बिघडले?” प्रश्न मार्मिक होता. साधनाला नव्या संभाषणात तो बहुधा आठवणार नाही. पण लिहिलेला मजकूर कंपनीच्या संगणकांवर साठून राहू शकतो. स्मरणपत्रास ग्राहकाचे नाव नि बाकी पुरते. नावही पत्र तयार झाल्यावर हाताने घालता येते.