तात्पुरती राखलेली वेळ

चार बँकांनी मिळून दिलेल्या कर्जाच्या आढावा बैठकीचे उदाहरण घ्यावे. कर्जदाराचा लेखापरीक्षित ताळेबंद यावयाचा असतो. कोणत्या बँकेतून कोण येणार, हेही ठरलेले नसते. सर्व निश्चित होईपर्यंत थांबल्यास चौघांना सोयीचा दिवस हातचा जातो. म्हणून संगणकीय दैनंदिनीतून वेळ राखण्याचा संदेश आधीच पाठविणे योग्य ठरते.

मात्र ‘वेळ राखून ठेवावी’ एवढ्यावर तो संपू नये. ‘तात्पुरते : १८ तारीख, दुपारी ३ ते ४.३०. विषयपत्रिका ताळेबंद आल्यावर. ११ तारखेपर्यंत न कळविल्यास वेळ मोकळी समजावी,’ असा स्पष्ट मजकूर हवा. आउटलुकमध्ये Show As या ठिकाणी Tentative निवडावे. तरीही वरिष्ठांकडून आलेली तात्पुरती नोंद कनिष्ठ अधिकारी पक्कीच मानतो आणि त्या वेळी येऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाला पुढची तारीख देतो. मुदतीचे ते एक वाक्य म्हणूनच वगळता येत नाही.

खरी चूक पुढे होते. बैठक २० तारखेस ठरते, नवे निमंत्रण जाते आणि १८ तारखेची नोंद सर्वांच्या दैनंदिनीत तशीच अडून राहते. त्याऐवजी मूळ निमंत्रण उघडून त्यातच नवी तारीख, विषय व उपस्थितांची नावे भरावीत, Tentative बदलून Busy करावे आणि सुधारणा सर्वांस पाठवावी. बैठक बारगळल्यास रद्द झाल्याचा संदेश त्याच दिवशी जावा. केवळ आपल्या दैनंदिनीतून नोंद पुसल्याने इतरांची वेळ सुटत नाही.