घर सोडायचे, पण कोणत्या अटीवर?



जुन्या भाड्याच्या घरात दोन-तीन पिढ्या काढलेली आपली अनेक कुटुंबे मुंबईत आहेत. अशा घरी एक दिवस मालक येतो आणि म्हणतो, "मुलाचे लग्न ठरले आहे, जागा पाहिजे. चार लाख देतो, महिन्यात खोली रिकामी करा." चार लाख एकरकमी कधी पाहिलेले नसतात, म्हणून घरातला कर्ता होकार देऊन बसतो. होकार देण्याआधी काय पाहावे, हे या वेळी समजून घेऊ.

पहिला प्रश्न असा की, आपण कायद्याने कोण आहोत? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याआधी 1947 चा मुंबई भाडे कायदा होता. जुनी भाडेपावती असलेला भाडेकरू या कायद्याच्या संरक्षणाखाली येतो. पावती वारलेल्या सासऱ्यांच्या नावाची असली तरी घाबरू नये. त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्यासोबत राहणारा कुटुंबातील माणूस भाडेकरू मानला जातो. त्यासाठी रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, वीजबिले आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवावा. मात्र अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. मुदत संपली की त्याला जागा सोडावी लागते. म्हणून काही मालक जुन्या भाडेकरूला सांगतात, "फक्त एक कागद करू, नुसती औपचारिकता आहे." तो कागद लायसन्सचा असेल तर त्यावर सही करू नका. लेखी लायसन्स करारात जे लिहिले आहे तोच कायद्याने निर्णायक पुरावा धरला जातो.

दुसरी गोष्ट. "कोर्टात जाऊन काढीन," ही धमकी मालक देतो. त्याला स्वतःसाठी जागा मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये आहे, पण गरज खरी आहे हे त्याला लघुवाद न्यायालयात सिद्ध करावे लागते. त्यानंतरही न्यायालय पाहते की, हुकूम दिल्यास जास्त हाल कोणाचे होतील. मालकाचा दुसरा फ्लॅट रिकामा असेल तर त्याची बाजू लंगडी पडते. आपल्या मुलाने बदलापूरला घर घेतले असेल तर आपली बाजू लंगडी पडते. दावा, अपील, मग उच्च न्यायालय, यात वर्षे जातात. मालक वाटाघाटीला येतो तो हा वेळ वाचवण्यासाठी. भाडेकरूच्या हातातील खरे बळ ते हेच.

हे बळ दोन चुकांनी जाते. एक म्हणजे भाडे थकवणे. बोलणी चालू असताना काही मालक मुद्दाम भाडे घेत नाहीत. तेव्हा चेक स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोच जपावी. थकबाकीची नोटीस आलीच तर 90 दिवसांच्या आत सर्व रक्कम भरावी. दुसरी चूक म्हणजे सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घराला कुलूप लावणे. गावी आई आजारी म्हणून सगळे गेले आणि वर्षभर कुलूप राहिले, असे झाले की मालकाला आयते कारण मिळते. घरात कोणी तरी राहावे.

आता रक्कम. जुन्या भाडेकरूने जागा सोडण्यासाठी पैसे घेणे हा गुन्हा नाही. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने त्याला मान्यता दिली आहे. पण किती घ्यावे? समजा परळच्या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर असलेले घर आहे. भाडे 300 रुपये. घरात विधवा आई, पालिकेत सफाई खात्यात असलेला मुलगा, सून आणि दहावीतली नात. कल्याणला तेवढेच घर 11,000 रुपये महिन्याने मिळते. म्हणजे दर महिन्याला 10,700 रुपये जास्त. मालकाचे चार लाख 37 महिन्यांत संपतील आणि त्यानंतर डोक्यावर ना ते घर, ना पैसे. दहा वर्षांचा फरक भाडेवाढ न धरताही 12 लाख 84 हजार होतो. त्यात डिपॉझिट, दलाली, सामान हलवणे आणि मुलाचा रोजचा गाडीचा प्रवास मिळवा. ही झाली आपली खालची पायरी. वरची पायरी शोधण्यासाठी शेजारी चौकशी करावी. तशीच खोली पागडीने 30 लाखांना जात असेल आणि रिवाजाप्रमाणे मालक तिसरा हिस्सा घेत असेल, तर भाडेकरूच्या हाती 20 लाख राहतात. बोलणी 13 आणि 20 लाखांच्या मध्ये व्हायला हवीत, चारपासून नव्हे.

मालकाची गरज खरी वाटत नसेल तर आणखी एक विचार करावा. या गरजेसाठी न्यायालयाच्या हुकूमाने ताबा घेऊन मालकाने महिन्याभरात तिथे राहायला सुरुवात केली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिले, तर जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो. आपण आपखुशीने दस्त करून जागा सोडली तर हा आधार राहत नाही. त्याची किंमत रकमेतच धरावी लागते.

तारीख मुलांच्या शाळेवरून ठरवावी. आपल्या उदाहरणात नातीची परीक्षा मार्चमध्ये, म्हणून 31 मे. समजा रक्कम 17 लाख ठरली. सही करताना तीन लाख बँकेतून आणि उरलेले 14 लाख किल्ली देण्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. ड्राफ्ट हातात पडल्यावरच किल्ली सोडावी. "आधी खोली द्या, पैसे आठवड्यात देतो," याला मान तुकवलेली माणसे पुढे वर्षानुवर्षे मालकाच्या दारात खेटे घालतात. रोखीने तर घेऊच नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एकाच व्यवहारात घेण्यास प्राप्तिकर कायद्याने 2017 पासून मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. त्या पैशातून घर घेतल्यास सवलत मिळू शकते, म्हणून सही करण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

विहारात चार जाणत्या माणसांसमोर तोंडी ठरले, एवढ्यावर थांबू नये. करार लेखी, नोंदणीकृत असावा, किंवा न्यायालयात संमतीपत्र दाखल करावे. त्यात रक्कम, तारीख, पैसे न आल्यास ताबा न देण्याची अट आणि मुद्रांकाचा खर्च मालकाचा, हे स्पष्ट लिहावे. घरात राहणाऱ्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, नाहीतर पुढे भावाभावांत वाद होतो. संमतीपत्राची तारीख मात्र मोडता येत नाही. ती उलटली की बेलिफ येतो, म्हणून नवे घर पक्के होईल अशीच तारीख कबूल करावी.

वकिलाच्या खर्चाला भिऊन कोणी मालकाच्या कागदावर सही करू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला, भाडेपावत्या आणि मालकाने दिलेला मसुदा घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. आई घरातील भाडेकरू असेल तर अर्ज आईच्या नावाने करावा.

जयभीम!