इंग्रजीचा तास : नकार पुढे आला की

दीपनगर वसाहतीतली बारावीची एक मुलगी निबंध दाखवायला आमच्याकडे आली. अब्बा औष्णिक वीज केंद्रात पाळीने काम करतात. त्यांच्याविषयी तिने लिहिले होते, ‘रेअरली माय फादर गेट्स लीव्ह.’ भाव खरा होता, पण वाक्य चुकले होते.

ही चूक आपल्या घरच्या भाषांतून येते. ‘अब्बांना क्वचितच रजा मिळते’ म्हणा की ‘क्वचितच अब्बांना रजा मिळते’ म्हणा, बाकीचे शब्द तसेच राहतात. उर्दूतल्या ‘शायद ही’चेही तेच. इंग्रजीत मात्र नेव्हर, रेअरली, हार्डली यांसारखा नकाराचा शब्द जोर देण्यासाठी वाक्याच्या सुरुवातीला आणला, की पुढची रचना प्रश्नासारखी होते. आधी सहायक क्रियापद, मग कर्ता.

म्हणून आम्ही तिला म्हटले, “बेटा, आधी प्रश्न कर.” ती लगेच म्हणाली, “डझ माय फादर गेट लीव्ह?” आता प्रश्नचिन्ह काढून पुढे रेअरली ठेवायचे : ‘रेअरली डझ माय फादर गेट लीव्ह.’ गेट्सचा ‘एस’ डझकडे गेला, म्हणून गेट साधे राहिले. वाक्यात सहायक क्रियापद आधीच असेल, तर डू-डझ-डिड लागत नाही. ‘आय हॅव नेव्हर सीन हिम रेस्ट’ याचे ‘नेव्हर हॅव आय सीन हिम रेस्ट’ होते.

बारावीला वाक्यरूपांतरात ‘नो सूनर’ विचारतात, तिथेही हाच नियम. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द सायरन साउंडेड, द वर्कर्स लेफ्ट’ हे वाक्य घ्या. उत्तर : ‘नो सूनर डिड द सायरन साउंड दॅन द वर्कर्स लेफ्ट.’ मुले डिडनंतरही साउंडेड लिहितात. भूतकाळ डिडने दाखवला आहे, तो पुन्हा दाखवायचा नाही. दुसरी चूक दॅनच्या जागी व्हेन लिहिण्याची. सूनर हा तुलनेचा शब्द आहे, म्हणून त्याला दॅन हवे. हार्डलीला व्हेन लागते : ‘हार्डली हॅड द सायरन साउंडेड व्हेन द वर्कर्स लेफ्ट.’ इथे हॅड आहे, म्हणून साउंडेड बरोबर.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ‘हार्डली एनीवन केम’ यात उलटापालट नाही, कारण इथे हार्डली कर्त्यालाच, म्हणजे एनीवनला, चिकटलेले आहे.

आणि ‘माय फादर रेअरली गेट्स लीव्ह’ हे साधे वाक्यही पूर्ण बरोबर आहे. रोजच्या पत्रात, अर्जात तेच शोभते. उलटी रचना निबंधात एखाद्याच ठिकाणी, जिथे खरोखर जोर हवा तिथे वापरावी. त्या मुलीने रजेचे वाक्य साधे केले आणि ‘नेव्हर हॅव आय सीन हिम रेस्ट’ तेवढे शेवटी ठेवले. वाचून आम्हीही क्षणभर थांबलो.