खारघरचे दरपत्रक आणि युरोची जागा

दिवाळीपूर्वी जर्मनीतील मराठी मंडळांत फराळाची मागणी नोंदवली जाते, तेव्हा खारघरसारख्या उपनगरातील गृहउद्योगाने तयार केलेले दरपत्रक रुपयांऐवजी युरोत मांडावे लागते. बहुतेक वेळा ₹ हे चिन्ह पुसून त्याच जागी € लिहिले जाते आणि बाकी सर्व मांडणी भारतीयच राहते. या अपुऱ्या बदलामुळे दरपत्रक केवळ परके दिसते असे नाही, तर काही ठिकाणी त्यातील रक्कमच चुकीची वाचली जाते.

चिन्ह आकड्याच्या आधी यावे की नंतर, हे चलनावर ठरत नाही, तर मजकूर ज्या भाषेतील वाचकासाठी लिहिला आहे त्या भाषेच्या संकेतावर ठरते. युरो एकच असला तरी आयर्लंडमधील इंग्रजी दरपत्रकात तो आकड्याला चिकटून आधी येतो, नेदरलँड्समध्ये आधीच येतो पण मध्ये जागा सोडून, आणि जर्मन मजकुरात सामान्यतः आकड्यानंतर, एक जागा सोडून येतो. शिवाय जर्मन व डच लेखनात दशांश दाखवण्यासाठी बिंदूऐवजी स्वल्पविराम वापरतात. याच न्यायाने, जर्मन वाचकाला रुपयातील किंमत कळवायची असेल तर ₹ हे चिन्हही आकड्यानंतरच शोभते.

उदाहरणादाखल २५० ग्रॅम चकलीची किंमत चार युरो नव्वद सेंट धरली, तर पहिली ओळ भारतीय सवयीची, दुसरी जर्मन वाचकासाठीची:

```
€ 4.90/-
4,90 €
```

पहिल्या ओळीतील शेवटची तिरकी रेघ आणि आडवी रेघ ही आपल्याकडे रक्कम तिथे संपली असे सांगणारी खूण आहे; जर्मन वाचकाला ती अनोळखी असल्याने गाळावी. पूर्ण युरोतील किंमतही त्याच स्तंभात 5,00 € अशी दोन दशांश स्थळांसह लिहिली आणि स्तंभ उजवीकडे जुळवला, तर सर्व स्वल्पविराम एकाखाली एक येतात आणि तुलना सोपी होते.

खरा धोका हजारांच्या रकमेत आहे. पंचवीस युरोचे पन्नास फराळडबे मागवले की एकूण रक्कम साडेबाराशे युरो होते. ती खारघरमध्ये 1,250 € अशी लिहिली गेली, तर जर्मन वाचक त्या स्वल्पविरामाला दशांशचिन्ह समजून सव्वा युरो वाचू शकतो, कारण तेथील पेट्रोलपंपांवर तीन दशांश स्थळांचे दर रोजच दिसतात. उलट जर्मनीतून आलेला 1.250 € हा आकडा खारघरमध्ये सव्वा युरो वाटू शकतो. म्हणून एकूण रकमा 1.250,00 € अशा पूर्ण लिहाव्यात, आणि दोन्ही देशांत वाचल्या जाणाऱ्या करारपत्रात हजारांच्या गटांमध्ये बिंदू किंवा स्वल्पविराम न घालता केवळ जागा सोडावी. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली हाच मार्ग पुन्हा मान्य केला आहे.

आकडा आणि चिन्ह यांच्यामधील जागा साधी ठेवली, तर अरुंद स्तंभात आकडा ओळीच्या शेवटी राहतो आणि € पुढच्या ओळीवर एकटा पडतो. ते टाळण्यासाठी न तुटणारी जागा वापरतात, म्हणजे असे रिकामे अक्षर की ज्यापाशी ओळ मोडत नाही. वर्डमध्ये ते Ctrl+Shift+Space ने मिळते. अदृश्य खुणा दाखवण्याची सोय चालू केली की साधी जागा ठिपक्यासारखी आणि न तुटणारी जागा बारीक वर्तुळासारखी दिसते, त्यामुळे छपाईपूर्वी तपासणे सोपे जाते.

एक्सेलमध्ये किमतीच्या रकान्यात चिन्ह हाताने टंकू नये, कारण त्यामुळे संगणक तो आकडा मजकूर मानण्याची आणि बेरजेतून वगळण्याची शक्यता असते. आकडा तसाच ठेवून रकान्याला पुढील स्वरूप द्यावे:

```
#,##0.00 [$€-407]
```

येथील 407 हा जर्मनीतील जर्मन भाषेचा संकेतांक आहे. मात्र यामुळे खारघरच्या संगणकावर 4.90 € असेच दिसते: चिन्ह योग्य जागी जाते, पण दशांशबिंदू तसाच राहतो, कारण एक्सेल विभाजक चिन्हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीतून घेते. Use system separators ही खूण काढून दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू नेमला, की मगच छापील प्रत जर्मन संकेताची होते. काम संपल्यावर ती खूण परत लावावी, अन्यथा त्याच संगणकावरील रुपयांचे हिशेबही जर्मन विभाजकांनी दिसू लागतात.

मंडळाच्या मराठी वार्तापत्रात मात्र जर्मन संकेत आणण्याचे कारण नाही. मराठीत चिन्ह आधी आणि दशांशासाठी बिंदू हीच रूढी आहे, म्हणून मराठी मजकुरात €४.९० आणि त्याच चकलीच्या जर्मन पत्रकात 4,90 € असे लिहिणे दोन्ही बरोबर ठरते. दोन्ही भाषांचे पत्रक एकाच पानावर छापायचे असल्यास प्रत्येक भाषेला स्वतंत्र स्तंभ द्यावा आणि एका स्तंभात दोन संकेत मिसळू देऊ नयेत.