फर्मवेअरच्या नावाने शिमगा कशाला?

राउटर दर तीन-चार तासांनी आपोआप रिस्टार्ट होतो म्हटलं की कस्टमर केअरवाले एकच मंत्र जपतात, "सर, फॅक्टरी रिसेट मारा." अहो, रिसेटने सेटिंग्ज पुसली जातात, अडॅप्टरमधला सुकलेला कपॅसिटर बरा होत नाही! माझा १२ व्होल्टचा अडॅप्टर नुसता मोजला तर मीटरवर १२.१. राउटर उघडून, मोठं डाउनलोड लावून जॅकपाशी मोजलं तर ९.८, आणि लगेच रिस्टार्ट! तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, त्याच पोलॅरिटीचा दुसरा अडॅप्टर लावला, विषय संपला. तुमचा तरीही पडतोय? मग पंख्यासमोर ठेवून बघा. थांबला तर दोष उष्णतेचा. गार असूनही पडला, तर मगच फर्मवेअरला शिव्या घाला.