मुलांची फी परदेशी पाठवणाऱ्या पालकांना जाहीर आवाहन



जुलै-ऑगस्ट आला की पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत बँकांच्या शाखांमध्ये एक ठरावीक दृश्य दिसतं. हातात विद्यापीठाचं फीचं पत्र, मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि अर्धवट भरलेला ए-टू फॉर्म घेऊन आई-वडील काउंटरसमोर उभे असतात. ते एकच प्रश्न विचारतात, “पाठवायचे चार्जेस किती?” काउंटरवरून उत्तर येतं, “हजार रुपये, अधिक जीएसटी.” ऐकून पालकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते सही करतात. बँकेच्या परकीय चलन विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की प्रश्नही खरा असतो आणि उत्तरही खरं असतं, पण खर्चाचा मोठा भाग त्या उत्तरात नसतोच. तो दरात असतो. म्हणून यंदा फी भरण्याआधी खालचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा आणि त्याचे आकडे इतर पालकांनाही सांगावेत, असं माझं कळकळीचं आवाहन आहे.

आधी दराचं पाहू. बँका आपसात डॉलर घेतात-विकतात तेव्हा खरेदीचा एक भाव असतो आणि विक्रीचा एक. या दोन्हींच्या मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्य दर. मोबाइलवर डॉलरचा भाव शोधला की जो दिसतो तो साधारण हाच. ज्यांना छापील, अधिकृत आधार हवा त्यांच्यासाठी एफबीआयएल ही संस्था 2018 पासून कामकाजाच्या दिवशी दुपारी संदर्भ दर जाहीर करते. या दराने तुम्हाआम्हाला डॉलर मिळत नाहीत. बँकेला स्वतःलाही ते काही पैसे जास्त देऊनच घ्यावे लागतात, शिवाय तिचा खर्च आणि नफा आहेच. त्यामुळे मध्य दरासाठी शाखेत हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोग मोजपट्टीसारखा करायचा, म्हणजे आपल्याला सांगितलेला दर तिथून किती रुपये-पैसे वर आहे ते कळतं. हाच फरक म्हणजे दरातलं मार्जिन, आणि पावतीवर तो सहसा वेगळा लिहिलेला नसतो.

बँकेच्या दरपत्रकात बरेच रकाने असतात: नोटांचा दर वेगळा, ट्रॅव्हल कार्डाचा वेगळा, बिलांचा वेगळा. खात्यातून परदेशी पैसे पाठवताना लागू होतो तो ‘टीटी सेलिंग’. शेजारचा ‘टीटी बाइंग’ हा बाहेरून आलेल्या पैशांसाठी आहे, घाईत तो पाहून फसू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे दरपत्रक सकाळी निघतं आणि दिवसभरात बाजार हलला तर बँकेला तोटा होऊ नये म्हणून त्यात ऐसपैस जागा ठेवलेली असते. रक्कम मोठी असेल तर शाखेला ट्रेझरीकडून त्या क्षणाचा खास दर मागवता येतो. तो न मागणाऱ्याला पत्रकातलाच दर लागतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. अमेरिकेतल्या विद्यापीठाची 12,000 डॉलर फी भरायची आहे. मोजायला सोपं जावं म्हणून मध्य दर 90 रुपये धरू. म्हणजे मार्जिन नाही, शुल्क नाही, अशा स्थितीत लागले असते 10,80,000 रुपये. याच्या वर जे काही खात्यातून जाईल तो पाठवण्याचा खर्च.

शाखेने पत्रकातला दर सांगितला 91 रुपये 80 पैसे. पाठवण्याचं शुल्क 1,000 रुपये, परदेशी बँकांचे चार्जेस आपणच भरायचे म्हणून 1,500 रुपये, दोन्हींवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,950 रुपये. याशिवाय चलन बदलण्याच्या सेवेवर वेगळा जीएसटी लागतो, तो रकमेच्या टप्प्यांवरून ठरतो आणि इथे साधारण 1,008 रुपये होतो. एकूण खात्यातून जाणार 11,05,558 रुपये. खर्च 25,558 रुपये, म्हणजे जवळजवळ 2.4 टक्के. यातले 21,600 रुपये एकट्या दराने खाल्ले. ज्या हजार रुपयांबद्दल आपण विचारलं ते या हिशेबात कुठल्या कुठे राहिले.

दुसरीकडे एक ऑनलाइन सेवा म्हणते, ‘शून्य शुल्क’. तिचा दर 91 रुपये 35 पैसे. जीएसटी धरून एकूण 10,97,207 रुपये. खर्च 17,207. शून्य शुल्काच्या जाहिरातीखाली सतरा हजार रुपये गेले. तरी पहिल्यापेक्षा बरंच, हे मान्य करावं लागेल.

मग पालक पुन्हा त्याच शाखेत गेले, मॅनेजरसाहेबांना मोबाइलवरचा मध्य दर दाखवला आणि म्हणाले, “ट्रेझरीकडून दर मागवून द्या, नाहीतर दुसरीकडून पाठवतो.” दर आला 90 रुपये 45 पैसे. बाकी चार्जेस तेच. एकूण 10,89,355 रुपये, खर्च 9,355. ऑनलाइन सेवेपेक्षा शुल्क जास्त असूनही सर्वांत स्वस्त हाच मार्ग पडला. एका मागणीने सोळा हजारांहून अधिक वाचले. दर माझ्या मनाचे आहेत, पण पत्रकातला दर आणि मागवलेला दर यांत रुपया-सव्वा रुपयाचं अंतर पडणं नवलाचं नाही.

मात्र यावरून ‘शाखाच स्वस्त’ असा नियम करू नका. मुलाला खर्चासाठी 500 डॉलर पाठवायचे असतील तर चित्र उलटं होतं. एवढ्याशा रकमेसाठी ट्रेझरी खास दर देत नाही. पत्रकातल्या दराचे 900 आणि ठरावीक शुल्काचे 2,950 मिळून शाखेत 3,850 रुपये जातील, तर शून्य शुल्कवाल्याकडे 675. (चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे जवळपास सारखा, म्हणून तो तुलनेतून वगळला.) शुल्क रकमेवर अवलंबून नसतं, मार्जिन रकमेबरोबर वाढत जातं. वरच्या उदाहरणातला मागवलेला दर आणि ऑनलाइन दर यांत डॉलरमागे 90 पैशांचा फरक आहे. 2,950 रुपयांचं शुल्क त्यातून वसूल व्हायला सुमारे 3,300 डॉलर पाठवावे लागतात. त्याखाली शून्य शुल्क परवडतं, त्यावर घासाघीस केलेला दर. तुमच्या आकड्यांनी ही सीमा हलेल, पण काढायची रीत हीच. दर महिन्याला थोडे थोडे पाठवणाऱ्यांनी तीन महिन्यांचे एकदम पाठवून बघावेत.

खर्चाचा तिसरा कोपरा सर्वांत त्रासदायक, कारण तो पैसे निघून गेल्यावर उघडा पडतो. आपली बँक आणि विद्यापीठाची बँक यांच्यामध्ये बहुतेक वेळा आणखी एक बँक असते आणि ती आपलं शुल्क रकमेतूनच कापून घेते. अर्जात परदेशी चार्जेस कोणी भरायचे असा रकाना असतो. तिथे ‘एसएचए’ वर खूण म्हणजे वाटून, ‘ओयूआर’ म्हणजे सगळे पाठवणाऱ्याने. वरच्या परदेशी चार्जेसचे जीएसटीसह 1,770 रुपये वाचवायला कोणी ‘एसएचए’ निवडलं आणि मधल्या बँकेने 25 डॉलर कापले, तर विद्यापीठात 11,975 पोचतात. 25 डॉलर म्हणजे 2,250 रुपये, तेव्हा बचत तिथेच संपली. वर विद्यापीठाच्या हिशेबात 25 डॉलर बाकी दिसतात, मुलाच्या नोंदणीवर अडथळा येऊ शकतो आणि तेवढ्यासाठी पुन्हा शुल्क भरून पैसे पाठवावे लागतात. अमेरिकेकडे जाणाऱ्या रकमेत ‘ओयूआर’ लिहूनही कधी कधी कपात होते. म्हणून शाखेला स्पष्ट विचारा, “पूर्ण रक्कम पोचण्याची हमी असलेली सोय आहे का, आणि तिचे किती?” पैसे गेल्यावर स्विफ्टची प्रत मागून घ्या. चार्जेस कोणाकडे लावलेत हे त्यावर दिसतं आणि रक्कम अडकली तर माग काढायलाही तीच लागते.

फी कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या डॉलरमध्ये असेल तर त्याच चलनात पाठवा. सवयीने अमेरिकी डॉलर पाठवले तर तिथली बँक आपल्या दराने ते पुन्हा बदलते. त्या बदलाचं मार्जिन इथल्या कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

टीसीएसबद्दल एवढंच: आर्थिक वर्षात 10 लाखांवरच्या रकमेवर तो लागू शकतो आणि मान्य शैक्षणिक कर्जातून भरलेल्या फीवर आता लागत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पाठवण्याच्या खर्चात धरू नका. मात्र तेवढी रक्कम त्या दिवशी खात्यात हवी.

सगळ्यांना जमेल अशी तुलना एका ओळीत मावते:

खर्च = खात्यातून गेलेले एकूण रुपये (टीसीएस वगळून) − (समोर पोचलेले डॉलर × त्या वेळचा मध्य दर)

विचारतानाही “चार्जेस किती” असं विचारू नका. “विद्यापीठाच्या खात्यात पूर्ण 12,000 डॉलर पडायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?” असं विचारा आणि उत्तर लिहून मागा, एसएमएस किंवा ईमेलवर चालेल. दोन-तीन ठिकाणी साधारण एकाच वेळी विचारा. सकाळचा एक दर आणि दुपारचा दुसरा असं केलं तर बाजाराची हालचाल मार्जिनमध्ये मिसळते. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि सोमवारच्या धोक्यासाठी दर फुगवलेला असू शकतो. शक्यतो कामकाजाच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत दर पक्का करा. ज्यांना थोडी कागदपत्रं करायची तयारी आहे त्यांनी आपल्या बँकेकडे एफएक्स-रिटेलची चौकशी करावी. 2019 मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर सामान्य ग्राहकालाही बाजारातला चालू भाव दिसतो आणि बँकेला आपलं शुल्क वेगळं सांगावं लागतं. बऱ्याच शाखांत त्याची माहिती नसते, म्हणून चिकाटीने विचारावं लागेल.

प्रवेशाचे सल्लागार “पैसे आम्हीच पाठवून देतो, फुकट” म्हणतात तेव्हाही हीच ओळ वापरा. त्यांना चलन कंपनीकडून मोबदला मिळत असेल तर तो तुमच्या दरातूनच येतो.

आता पालकांच्या गटांना, सोसायट्यांना आणि महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी मंडळांना विनंती. ज्यांनी पैसे पाठवले त्यांनी पाच गोष्टी आपल्या गटात टाकाव्यात: तारीख आणि वेळ, चलन, एकूण गेलेले रुपये, समोर पोचलेली रक्कम आणि त्या वेळचा मध्य दर. खाते क्रमांक, मुलाचं नाव, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक टाकू नये, त्यांची गरजही नाही. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की आपल्या गावात कोणत्या रकमेला कोण स्वस्त पडतं ते दिसू लागतं, आणि पहिल्यांदाच फी भरणाऱ्या आई-वडिलांना शाखेत जाताना मागण्यासारखा एक आकडा हाती मिळतो. या हंगामातला पहिला हप्ता ज्यांनी भरला असेल त्यांनी खात्याचा उतारा काढून आजच आपली नोंद करावी. दुसऱ्या सत्राची फी डिसेंबर-जानेवारीत येते, तोवर यादी तयार असायला हवी.